पट्टी पाण्यावरून गेली होती



मागच्या फाल्गुनातली गोष्ट. तीन महासतीजींचा विहार पवन मावळात होता. धरणाच्या एका काठाच्या गावातून निघून दुसऱ्या काठावर, आपल्याच समाजातल्या एका कुटुंबाच्या शेतघरी मुक्काम. अंतर काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्याकडे नकाशा आहे आणि मी कॉमर्सची पदवीधर, म्हणजे हिशोब पक्का असा सगळ्यांचा समज. मी नकाशा पसरला, फुटपट्टी दोन गावांवर ठेवली, ३.८ सेंटिमीटर आले. नकाशाचं प्रमाण एकास अडीच लाख. गुणाकार केला आणि स्थानकात सांगितलं, "साडेनऊ किलोमीटर."

महासतीजी उजाडल्यावर पावणेसातला निघाल्या. अनवाणी, त्यातल्या एकींचं वय सत्तरीच्या पुढे. त्यांची चाल ताशी साडेतीन-चार किलोमीटर, म्हणजे साडेनऊपर्यंत पोहोचतील असा माझा हिशोब. आम्ही शेतघरी वाट बघत बसलो. साडेनऊ झाले, दहा झाले. पोहोचल्या तेव्हा पावणेअकरा वाजले होते, डांबर तापलं होतं आणि थोरल्या महासतीजींच्या तळपायाला फोड आले होते. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. मला सुखसाता विचारायला तोंड नव्हतं.

बरोबरच्या सेवेच्या गाडीने मोजलेलं अंतर होतं १४ किलोमीटर. घरी येऊन मी नकाशा पुन्हा काढला आणि लाजच वाटली. माझी पट्टी सरळ धरणाच्या पाण्यावरून गेली होती. रस्ता मात्र बिचारा काठाकाठाने, पाण्याच्या प्रत्येक फाट्याला वळसा घालत गेलेला. गुणाकार अगदी बरोबर होता. मोजलं होतं तेच चुकीचं.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय आणि ते स्थानकात मी इतक्या वेळा बोलले आहे की आता इथे लिहूनच टाकते. विहाराचं अंतर पट्टीने काढू नये. नुसतं फोनवरही सोडू नये. कागदाच्या नकाशावर रस्त्यावरून दोरा किंवा कागदाची पट्टी फिरवून काढावं, आणि ते आपल्यापैकी प्रत्येकीला आलं पाहिजे. शाळेत भूगोलाच्या पेपरात दोन गुणांसाठी केलेली गोष्ट आहे ही. पण तिथे आपण फक्त गुणाकार शिकलो, दोरा कोणी हातात दिलाच नाही.

फोनबद्दल आधी बोलते, कारण सुनेने पहिला प्रश्न तोच विचारला होता. फोन वाईट नाही. पण तो बहुतेक वेळा गाडीचं अंतर सांगतो, आणि गाडीसाठी तो एक्स्प्रेस वे पकडतो, जिथे पायी चालणाऱ्याला मुळात बंदी आहे. चालण्याचा रस्ता विचारला तर तोही मिळतो, पण एक आकडा आणि एक निळी रेघ मिळते. मधे कोणती गावं कुठे आहेत, कोणाला थकवा आला तर कुठे थांबता येईल, हे बघायला ती रेघ बोटाने मोठी करा, सरकवा, पुन्हा लहान करा. कागदावर सगळं एकदम समोर असतं आणि पाचजणी भोवती बसून बोलू शकतात. शिवाय पवन मावळात रेंज कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे.

आता नकाशाचं प्रमाण. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर खाली 1:250000 किंवा 1:50000 असं काहीतरी छापलेलं असतं. हे बघून पुष्कळजणी घाबरतात. त्याचा अर्थ इतकाच की कागदावरचं एक माप म्हणजे जमिनीवरची तशीच अडीच लाख मापं. कागदावर एक सेंटिमीटर, तर जमिनीवर अडीच लाख सेंटिमीटर. आणि इथे आपल्या लाखाच्या मोजणीचा मोठा फायदा आहे. एका किलोमीटरमध्ये बरोबर एक लाख सेंटिमीटर असतात. म्हणजे प्रमाणात जितके लाख, तितके किलोमीटर एका सेंटिमीटरला. अडीच लाख असेल तर सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. पन्नास हजार म्हणजे अर्धा लाख, तर सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. दहा लाखांचा नकाशा असेल तर सेंटिमीटरला दहा. शून्यं मोजत बसायचं कारण नाही. मिलियन-मिलियन करणाऱ्यांना ही सोय नाही, आपल्याला आहे.

एखादीच्या घरी सासऱ्यांच्या वेळचा जुना नकाशा निघाला तर मात्र जपून. त्यावर एका इंचाला एक मैल किंवा एका इंचाला चार मैल असं असतं, आणि एक इंचाला एक मैल म्हणजे प्रमाण एकास ६३,३६०. तिथे लाखाची युक्ती चालत नाही, इंचाचीच पट्टी घ्यावी आणि शेवटी मैलाला १.६ ने गुणावं. जुन्या नकाशाची दुसरी अडचण म्हणजे त्यात नवे रस्ते नसतात आणि कधी कधी धरणसुद्धा नसतं. पवना धरणाच्या आधीच्या नकाशात आज जिथे पाणी आहे तिथे शेतं आणि पायवाटा दिसतील. म्हणून कोपऱ्यात छापलेलं सर्वेक्षणाचं साल आधी वाचावं.

आकड्यापेक्षा माझा भरवसा मात्र त्याच्याजवळ काढलेल्या रेघेवर जास्त आहे. भूगोलाच्या पुस्तकात तिला रेषाप्रमाण म्हणतात, काळे-पांढरे तुकडे आणि त्यावर किलोमीटर लिहिलेले. कारण सांगते. माझ्या भाचीने सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून नकाशा उतरवून घेतला आणि घरच्या प्रिंटरवर छापला. मूळ नकाशा मोठा, आपला कागद लहान, त्यामुळे प्रिंटरने तो कागदात बसेल इतका आपोआप आक्रसला. पण खाली छापलेला 1:50000 हा आकडा तसाच राहिला! आकड्याला काय, तो लहान अक्षरात छापला तरी पन्नास हजारच वाचला जातो. त्या कागदावर सेंटिमीटर मोजून अर्ध्याने गुणलं तर उत्तर खूपच कमी येतं. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच लहान होतं, म्हणून ते झेरॉक्सवरही खरं बोलतं. आपल्याकडचा कागद आक्रसलेला आहे की नाही हे ओळखायला तीच रेघ सेंटिमीटरने मोजून बघायची. पन्नास हजारच्या नकाशात पाच किलोमीटरची रेघ दहा सेंटिमीटर भरली पाहिजे. सहा-सात भरली तर आकडा विसरून जावा आणि फक्त रेघ वापरावी.

रेघ वाचायची एक खुबी आहे, ती न कळल्यामुळे माझ्या ओळखीच्या चांगल्या शिकलेल्या बाई फसल्या. रेघेच्या डाव्या टोकाला शून्य नसतं! शून्य थोडं आत असतं. शून्याच्या उजवीकडे पूर्ण किलोमीटरचे मोठे तुकडे आणि डावीकडे एकच तुकडा बारीक भागांत कापलेला. या बाई डाव्या टोकापासून मोजायच्या, उजवीकडचा आकडा वाचायच्या, आणि डावीकडचा अख्खा तुकडा हिशोबात यायचाच नाही. बरोबर रीत अशी, की आपल्या दोऱ्याचं उजवं टोक एखाद्या पूर्ण आकड्यावर असं ठेवायचं की डावं टोक शून्याच्या पलीकडे, त्या बारीक भागांत पडेल. मग उजवीकडचे पूर्ण आणि डावीकडचे बारीक यांची बेरीज. वाण्याच्या तराजूत मोठं वजन एका बाजूला आणि सुटी वजनं वेगळी ठेवलेली असतात, तसंच समजा.

आता दोरा. लोकर नको, ती ताणली जाते. रबरी धागा तर नकोच. शिवणाचा सुती दोरा घ्यावा, किंचित ओला करावा, म्हणजे तो कागदाला चिकटून राहतो आणि वळणावरून उडत नाही. निघण्याच्या ठिकाणी टोक धरायचं आणि रस्त्याच्या रेघेच्या मधोमध दोरा बसवत जायचं, वळणावर बोटाने किंवा टाचणीने दाबत. मधोमध यासाठी, की अडीच लाखाच्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे पाव किलोमीटर. रस्ता दिसावा म्हणून तो छापतातच जाड, खरा रस्ता काही इतका रुंद नसतो. प्रत्येक वळणावर दोरा आतल्या कडेने घेतला तर तो चोरून वळतो आणि अंतर कमी येतं. एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून मोजावं. दोन्ही वेळा सारखं आलं तर ठीक, तीन मिलिमीटरचा फरक आला तर तिसऱ्यांदा बसावं.

आपला दोरा खरं बोलतो की नाही हे कसं कळणार? याला माझ्याकडे एक छान परीक्षा आहे, आणि ती आपल्या दारातूनच जाते. रेल्वे. रेल्वेची अंतरं मुंबईपासून मोजलेली असतात आणि ती घासाघीस करण्यासारखी नाहीत. मुंबई ते पुणे १९२ किलोमीटर, मुंबई ते लोणावळा १२८, मुंबई ते कर्जत १००. म्हणजे लोणावळा ते पुणे ६४ आणि कर्जत ते लोणावळा २८. आणि गंमत म्हणजे अडीच लाखाच्या ४७ एफ या एकाच नकाशात पुणे, आपलं पिंपरी-चिंचवड, चाकण, लोणावळा, कर्जत सगळं मावतं. उत्तर आधीच माहीत असलेलं गणित आहे हे. दोरा लावायचा आणि आपलं उत्तर पडताळायचं.

मी आधी फुटपट्टी ठेवली. पुणे स्टेशन ते लोणावळा स्टेशन सरळ रेषेत २२ सेंटिमीटर, म्हणजे ५५ किलोमीटर. खरे आहेत ६४. पट्टीने नऊ किलोमीटर गिळले. मग दोरा लावला, लोहमार्गाच्या रेघेवरून, चिंचवड, देहूरोड, तळेगाव, कामशेत असा. पहिल्या वेळी २५.१ सेंटिमीटर, दुसऱ्या वेळी २५.४. किलोमीटर आले ६३ च्या जरासे खाली आणि साडेत्रेसष्ट. खरं उत्तर २५.६ सेंटिमीटर यायला हवं होतं. पहिल्यांदा दोरा वळणावर ओढला गेला होता, ते मला हाताला कळलंही होतं.

मग कर्जत ते लोणावळा. पट्टीने ८ सेंटिमीटर, म्हणजे २० किलोमीटर. खरे २८. बघा, पुण्याकडच्या सपाटीवर सरळ रेषा आणि खरा मार्ग यांत साधारण सातव्या हिश्श्याचा फरक होता, घाटात तो आठ किलोमीटरचा झाला. म्हणून कोणी "सरळ अंतर घ्या आणि वर वीस टक्के धरा" असं सांगितलं तर ऐकू नका. कोणत्या रस्त्यावर किती टक्के, हे त्या रस्त्याच्या वळणांवर आहे, आपल्या मनावर नाही.

घाटातला दोरा मी तीनदा लावला. १०.६ च्या वर काही गेला नाही. म्हणजे साडेसव्वीस किलोमीटर, दीड किलोमीटर कमी. मला वाटलं माझीच चूक. पण नाही, इथे नकाशाचीही मर्यादा आहे. अडीच लाखाच्या नकाशात शंभर मीटरचं वळण म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. ते काढायचं कसं? काढणारा अशी बारीक वळणं सपाट करून एक गुळगुळीत रेघ देतो. दोरा कितीही जपून लावला तरी कागदावर नसलेलं वळण तो मोजणार कुठून? म्हणून लहान प्रमाणाच्या नकाशावर वळणावळणाच्या रस्त्याचं अंतर नेहमी कमीच निघतं, जास्त कधी निघत नाही. ही चूक एकाच बाजूची आहे, हे फार महत्त्वाचं आहे. खतावणीत बेरीज चुकली तर कधी जास्त होते, कधी कमी. इथे मात्र चालणाऱ्याच्याच माथी किलोमीटर वाढतात. घाटासाठी पन्नास हजारचाच नकाशा घ्यावा, त्यात वळणं बऱ्यापैकी उरलेली असतात.

याच घाटावरून आमच्याकडे वाद झाला. एका काकांचं म्हणणं, नकाशा सपाट असतो, घाट चढाचा असतो, चढ मोजला नाही म्हणून अंतर कमी येतं. ऐकायला पटतं. मी कागद-पेन्सिल घेतली. कर्जत ते लोणावळा चढ साधारण साडेपाचशे मीटर, आणि तो २८ किलोमीटरमध्ये पसरलेला. काटकोन त्रिकोणाचं गणित केलं, तर चढामुळे लांबी वाढते ती पाच-सहा मीटर. आपल्या सोसायटीच्या जिन्यापासून गेटपर्यंतसुद्धा याहून जास्त असेल. चढ पायांना, दमाला लागतो, वेळ वाढवतो, त्याचा विचार करायलाच हवा. पण किलोमीटर वाढतात ते वळणांनी. काकांना हे पूर्ण पटलं नाही. असो.

दोऱ्यापेक्षाही मला आता कागदाची पट्टी आवडते, आणि विहारासाठी तर तीच वापरावी असं माझं मत आहे. जुन्या कॅलेंडरच्या पानाची सरळ कडेची, बोटभर रुंद लांब पट्टी कापा. तिच्या कडेवर सुरुवातीला एक खूण. ती खूण नकाशात निघण्याच्या ठिकाणी ठेवा आणि पट्टीची कड रस्त्याच्या पहिल्या सरळ तुकड्याला लावा. जिथे रस्ता वळून पट्टीपासून सुटतो, तिथे पेन्सिलीचं टोक टेकवा, पट्टी त्या टोकाभोवती फिरवा, पुढच्या तुकड्याला कड लावा. असं करत मुक्कामापर्यंत. वाटेत गाव आलं की कडेवर बारीक रेघ मारून नाव लिहायचं. शेवटी वाकडातिकडा रस्ता एका सरळ कडेवर उतरलेला असतो. ती पट्टी नकाशाच्या रेषाप्रमाणाला लावा, प्रत्येक गावाशी किलोमीटर लिहा. दोऱ्यावर नाव लिहिता येत नाही, पट्टीवर येतं, हा खरा फायदा. मोठ्या वळणात मात्र तुकडे लहान लहान घ्यावे लागतात. आळस करून लांब तुकडा घेतला की पट्टी पुन्हा पाण्यावरून जाणार.

या वर्षी माघात चिंचवडहून लोणावळ्याचा विहार होता, तो मी असाच काढला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून. चिंचवड स्टेशनपासून तळेगाव ६.९ सेंटिमीटर, तिथून कामशेत ५.६, तिथून लोणावळा ६.३. एकूण १८.८, म्हणजे ४७ किलोमीटर. तीन दिवसांचे टप्पे साधारण सव्वासतरा, चौदा आणि पावणेसोळा. यात एक मिलिमीटर इकडेतिकडे धरलाच पाहिजे, म्हणजे "चौदा" याचा अर्थ पावणेचौदा ते सव्वाचौदा असा घ्यायचा. मी आकडे सांगताना आता नेहमी मोठाच सांगते. साडेनऊ म्हणून चौदा निघण्यापेक्षा सव्वाचौदा म्हणून चौदा निघालेलं बरं.

एक गोष्ट पट्टी सांगत नाही, ती आपण धरायची. नकाशातलं गाव म्हणजे एक ठिपका किंवा एक भरीव डाग, आणि आपलं पिंपरी-चिंचवड तर केवढा डाग! मी चिंचवड स्टेशनपासून मोजलं, पण महासतीजी निघाल्या त्या स्थानकातून, आणि ते स्टेशनपासून सव्वा किलोमीटर आत आहे. तळेगावलाही मुक्कामाचं ठिकाण हमरस्त्यापासून आत. दोन्ही टोकं मिळून पहिल्या दिवशी जवळजवळ दोन किलोमीटर वाढले, एकोणीसच्या वर गेलं. वयस्कर महासतीजींना ते झेपणार नाही असं दिसल्यावर आम्ही पट्टी पुन्हा समोर घेतली. देहूरोडची खूण होतीच. तिथे आधी एक थांबा घेऊन पहिल्या दिवसाचे दोन केले. पट्टी होती म्हणून हे पाच मिनिटांत झालं, आणि निघायच्या आधी झालं.

पन्नास हजारच्या नकाशांना एक वेगळाच त्रास आहे, शिवेचा. एक पत्रक फार थोडा मुलूख दाखवतं. पिंपरी ४७ एफ/१४ या पत्रकात आहे आणि चाकण वरच्या १३ मध्ये, शिवेच्या जरासं पलीकडे. नाशिक रस्त्याने भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, कुरुळी असं छान मोजत जावं आणि चाकण येता येता कागदच संपावा! अशा वेळी पट्टीवर शिवेची खूण करायची, दुसऱ्या पत्रकात तोच रस्ता शिवेवर कुठे शिरतो ते बघायचं आणि तिथून पुढे चालू ठेवायचं. दोन्ही पत्रकांची पांढरी कड चुकून मोजू नये. हसू नका, मी एकदा मोजली आहे.

माघातला विहार ठरल्याप्रमाणे झाला. शेवटच्या दिवशी कामशेतहून लोणावळ्याला महासतीजी उन्हाच्या आधी पोहोचल्या, गोचरीही वेळेत झाली. सेवेच्या मुलाने गाडीचा आकडा दाखवला, सोळा पूर्ण आणि थोडंसं वर. माझ्या पट्टीवर पावणेसोळा होतं, शिवाय स्थानकापर्यंतचं आतलं अंतर. थोरल्या महासतीजींनी ती पट्टी हातात घेऊन बघितली, गावांची नावं वाचली आणि विचारलं, "पुढचा घाट यात नाही का?"

नाही, खंडाळा ते खोपोली अजून काढलेलं नाही. अडीच लाखाच्या नकाशावर ते मी काढणारही नाही. पन्नास हजारची पत्रकं मागवली आहेत. ज्यांना बघायचं असेल त्यांनी रविवारी दुपारी सामायिकानंतर स्थानकात यावं, येताना टाचण्या आणि जुनं कॅलेंडर घेऊन यावं.